‘ते वाईट असेल, तर…’ : एक्स्प्रेसिव्हिझम नेमका कुठे अडतो?

अनुस्वार
तत्त्वज्ञ ए. जे. एअरने १९३६ मध्ये मांडलेली भूमिका इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. ‘चोरी करणं वाईट’ असं म्हणणारा माणूस चोरीबद्दल काही माहिती पुरवत नाही, तो फक्त आपली नापसंती व्यक्त करतो. म्हणजे जवळजवळ ‘चोरी? शी!’ असं म्हटल्यासारखंच. पुढे स्टीव्हन्सन, ब्लॅकबर्न, गिबर्ड यांनी ही कल्पना बरीच सुधारली. एक्स्प्रेसिव्हिझम म्हणतात तो हाच, आणि त्याचा गाभा तोच राहिला: नैतिक वाक्याचा अर्थ सांगायचा तर ते कुठली मनोवृत्ती व्यक्त करतं हे सांगायचं, जगातली कुठली वस्तुस्थिती सांगतं हे नाही.

यावरचा सगळ्यात जड आक्षेप पीटर गीचचा. त्याने १९६५ च्या लेखात वापरलेलं उदाहरण मराठीत असं होईल:

मांजराला छळणं वाईट असेल, तर धाकट्या भावाला ते करायला लावणंही वाईट.
मांजराला छळणं वाईट आहे.
म्हणून धाकट्या भावाला ते करायला लावणं वाईट आहे.

अनुमान बिनचूक आहे. पण पहिल्या ओळीत ‘मांजराला छळणं वाईट’ हे ‘जर’च्या पोटात आहे. तिथे बोलणारा काहीच नापसंत करत नाहीये. छळात काही गैर नाही असं मानणारा माणूसही ते वाक्य बोलू शकतो. मग त्या जागी या शब्दांचा अर्थ काय?

माझा प्रश्न असा, की यात नेमकं काय मोडतं? ‘जर-तर’चं अख्खं वाक्यच एखादी वेगळी मनोवृत्ती व्यक्त करतं, असं म्हणून सुटका का होत नाही?

सह्यकडा
मोडतं ते सरळ आहे. दुसऱ्या ओळीत नापसंती आहे, पहिल्या ओळीत नाही. म्हणजे एकच शब्दसमूह दोन ठिकाणी दोन अर्थांनी आला. अकरावी-बारावीच्या तर्कशास्त्रात शिकवतात तो अनेकार्थदोष. एक्स्प्रेसिव्हिझम खरा मानला तर गीचचं अनुमान अवैध ठरतं, आणि ते तर उघड वैध आहे. विषय संपला. ‘शी!’ला ‘जर’मध्ये घालता येत नाही, एवढंच सगळं आहे.

ऋजुता
सह्यकडा, अर्धं बरोबर आहे, पण विषय तिथे संपत नाही. ‘जर पाऊस पडला असेल, तर रस्ता ओला असेल’ हे वाक्य घ्या. इथेही बोलणारा पाऊस पडला असं ठामपणे सांगत नाही. विधान करणं ही कृती ‘जर’च्या आत होतच नाही, वाक्य कुठलंही असो. तरी पावसाच्या वाक्याला कुणी अनेकार्थदोष लावत नाही. का? कारण विधान करणं बाजूला काढलं तरी आशय शिल्लक उरतो, आणि तो दोन्ही ओळींत एकच असतो. हा फरक तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेचा. म्हणून या आक्षेपाला फ्रेगे-गीच म्हणतात.

तेव्हा ‘आत नापसंती व्यक्त होत नाही’ एवढ्याने कुणी हरत नाही. हेअरने १९७० साली याच धर्तीचं उत्तर दिलं होतं: मोठ्या वाक्याचा अर्थ त्याच्या भागांच्या अर्थांवरून आणि रचनेवरून ठरत असेल तर पुरे, प्रत्येक भागाने आपली कृती जागच्या जागी करून दाखवायची गरज नाही. तत्त्व म्हणून हे मान्य. पण मग तो अर्थ भागांवरून कसा बनतो याची रीत आणून दाखवावी लागते. ‘जर’च्या भागाची, म्हणजे पूर्वांगाची, मनोवृत्ती आणि ‘तर’च्या भागाची, म्हणजे उत्तरांगाची, मनोवृत्ती हाती दिली, तर अख्ख्या ‘जर-तर’ वाक्याची मनोवृत्ती कुठली, हे नियमाने सांगता आलं पाहिजे. तेवढंही पुरत नाही. दोन्ही आधारविधानं स्वीकारून निष्कर्ष नाकारणारा माणूस स्वतःशीच विसंगत का ठरतो, हे त्या नियमातून आपोआप निघालं पाहिजे. खरी अडचण या दुसऱ्या अटीत आहे.

भाऊसाहेब
मला यात फार काथ्याकूट वाटतो. गोमांस एका समाजात वर्ज्य, दुसऱ्यात नाही. नीती देशकालानुसार बदलते हे आपल्याकडे आधीपासून मानलेलं आहे. मग नैतिक वाक्यं भावना व्यक्त करतात यात आश्चर्य काय, आणि त्यात अडचण तरी काय?

ऋजुता
भाऊसाहेब, तुम्ही म्हणताय तो सापेक्षतावाद. तो मानणारा माणूस ‘वाईट’ला आशय आहे असंच धरून चालतो: ‘आमच्या समाजाच्या नियमांत न बसणारं’. तो आशय ‘जर’मध्ये बिनतक्रार बसतो, म्हणून सापेक्षतावाद्याला गीचचा त्रास होत नाही. त्याच्या अडचणी वेगळ्या आहेत. इथला प्रश्न नीती बदलते का हा नसून नैतिक वाक्यं तर्काच्या सांगाड्यात कशी बसतात हा आहे.

भाऊसाहेब
बरं. मग सापेक्षतावादच धरावा, तो सोपा दिसतो. पण चालू द्या, वाचतो आहे.

फिर्यादी
कायद्याच्या बाजूने एक भर. गीचचा याच विषयावरचा आधीचा लेख १९६० चा आहे, आणि त्यात कायद्याचा तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्टच्या १९४९ च्या निबंधासारखी मांडणी निशाण्यावर होती. हार्टचं म्हणणं असं, की ‘त्याने हे केलं’ हे वर्णन नसून जबाबदारी त्याच्यावर टाकणं आहे, न्यायाधीशाच्या निकालासारखं. आमच्या कामात हे पटण्याजोगं वाटतं. ‘आरोपी दोषी आहे’ हे न्यायाधीश म्हणतो तेव्हा त्या बोलण्यानेच काहीतरी घडतं. पण तोच न्यायाधीश निकालपत्रात ‘आरोपीने हे केलं असेल, तर उद्देश कोणता?’ असंही लिहितो, तेव्हा त्याने अजून कुणावर काहीच टाकलेलं नसतं. हार्टने १९६८ च्या संग्रहात तो निबंध घेतला नाही, आणि त्यातली मुख्य मांडणी आता टिकत नाही असं प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलं.

अनुस्वार
हे जोडून दिल्याबद्दल आभार. ऋजुताताई, ‘जर-तर’ची अशी रीत देण्याचा पहिला गंभीर प्रयत्न ब्लॅकबर्नचा ना? तो उलगडून सांगाल का? मला तो पुरेसा वाटतो आणि लोक त्याला अपुरा का म्हणतात ते कळत नाही.

ऋजुता
हो, १९८४ चा. त्याची कल्पना अशी. आपण फक्त कृत्यं नापसंत करत नाही, माणसांच्या मनोवृत्तींचे संचही नापसंत करतो. ‘मांजराला छळणं वाईट असेल, तर भावाला लावणंही वाईट’ हे वाक्य एक दुसऱ्या पातळीची नापसंती व्यक्त करतं: पहिलं नापसंत करायचं आणि दुसरं मात्र करायचं नाही, अशा मनाबद्दलची नापसंती.

आता अनुमान चालवून पाहू. एका माणसाची मांजराच्या छळाला नापसंती आहे. वर सांगितलेल्या जोडीलाही नापसंती आहे. पण भावाला लावण्याबद्दल त्याच्या मनात नापसंती नाही. म्हणजे जी जोडी तो स्वतः नापसंत करतो, तीच त्याच्या मनात आहे. ब्लॅकबर्न म्हणतो, असं मन दुभंगलेलं, आणि निष्कर्ष नाकारण्यातला दोष तो हाच.

आक्षेप असा, की हा दोष चुकीच्या जातीचा आहे. चोरी वाईट मानून चोरी करणारा माणूसही स्वतःला नापसंत असलेल्या स्थितीत असतो. तो ढोंगी असेल, दुबळा असेल, पण त्याने तर्काचा नियम मोडला असं आपण म्हणत नाही. क्रिस्पिन राइटने हे दाखवलं, आणि व्हॅन रोयेनने १९९६ मध्ये ते आणखी धारदार केलं. त्याची चाचणी मला सगळ्यात उपयोगी वाटते, म्हणून माझ्या उदाहरणाने सांगते.

ब्लॅकबर्नच्या हिशेबात पुढची दोन वाक्यं एकच मनोवृत्ती व्यक्त करतात. एक: ‘मांजराला छळणं वाईट असेल, तर चहा पिणं वाईट.’ दोन: ‘मांजराच्या छळाला नापसंत करून चहा पिण्याला नापसंत न करणं वाईट.’ आता कल्पना करा, एका माथेफिरूने ओलीस धरलेत आणि त्याची धमकी अशी: मांजराच्या छळाचा तिटकारा असूनही ज्याला चहा पिण्यात गैर वाटत नाही असा एक जरी माणूस सापडला, तरी ओलीस मरतील. अशा वेळी दुसरं वाक्य मानायला जागा आहे, ती जोडी मनात बाळगणं खरंच घातक आहे. मांजराला छळणं वाईट, हेही खरं. पण त्यावरून ‘चहा पिणं वाईट’ निघतं का? मुळीच नाही. पहिलं वाक्य मात्र खरं असतं तर निघालं असतं. एका वाक्यावरून अनुमान वैध, दुसऱ्यावरून अवैध, आणि सिद्धान्त म्हणतो दोन्ही वाक्यांचा अर्थ एक. म्हणजे सिद्धान्ताने वैधतेची रेषा चुकीच्या जागी ओढली.

अनुस्वार
ही चाचणी पटली. ब्लॅकबर्नने तर त्याआधीच, १९८८ मध्ये, मांडणी बदलली होती.

नीलपक्षी
बदललेल्या मांडणीत तो ‘जर-तर’ला बांधिलकी म्हणून वाचतो: पूर्वांग सोडा किंवा उत्तरांग धरा. ते जास्त चांगलं आहे. पण त्यासाठी ‘वाईट नाही’ म्हणजे कुठली मनोवृत्ती, हे आधी लागतं. आणि माझ्या मते खरी खोच ‘जर’मध्ये नाहीच, ‘नाही’मध्ये आहे.

सह्यकडा
नकारात काय अडचण? ‘लाच देणं वाईट’ म्हणजे नापसंती, ‘लाच देणं वाईट नाही’ म्हणजे नापसंतीचा अभाव.

नीलपक्षी
अभाव म्हणालात तर दगडालाही ‘लाच देणं वाईट नाही’ असं वाटतं म्हणावं लागेल. त्याच्या मनातही नापसंतीचा अभाव आहे.

ऋजुता
नीलपक्षी बरोबर सांगतायत. निक अन्विनने १९९९ मध्ये हा पेच मांडला. सावकाश पाहू.

‘गणूच्या मते लाच देणं वाईट आहे’ हे वाक्य घ्या. त्यात नकार तीन ठिकाणी घालता येतो. लाच देणं वाईट आहे असं गणूचं मत नाही: त्याने कधी विचारच केलेला नसेल. गणूच्या मते लाच देणं वाईट नाही: त्याने विचार करून परवानगी दिली आहे. गणूच्या मते लाच न देणं वाईट आहे: त्याच्या लेखी ते कर्तव्यच. तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. बोलण्यात आपण ‘गणूला नाही वाटत लाच वाईट आहे’ असं म्हणतो तेव्हा पहिली आणि दुसरी एकमेकींत मिसळतात, म्हणून इथे वाक्यं मुद्दाम ताठ लिहिली आहेत.

आता एक्स्प्रेसिव्हिस्टचं रूप: ‘गणू लाच देणं नापसंत करतो.’ इथे नकाराला जागा किती? गणू लाच देणं नापसंत करत नाही. गणू लाच न देणं नापसंत करतो. संपलं. मधली जागाच नाही, आणि ‘वाईट नाही’ या साध्या मताला तीच हवी होती.

सह्यकडा
मग तिसरी वृत्ती मानू: ‘चालवून घेणं’. ‘वाईट नाही’ म्हणजे चालवून घेणं.

ऋजुता
ब्लॅकबर्नची वाट साधारण तीच. पण मग पुढचा प्रश्न: नापसंत करणं आणि चालवून घेणं एकमेकांशी विसंगत का? ‘पाऊस पडतोय’ आणि ‘पाऊस पडत नाहीये’ या दोन मतांची विसंगती समजावता येते. वृत्ती एकच, मत बाळगण्याची, आणि आशय परस्परविरोधी. हेतूचंही तसंच: उद्या जायचं ठरवणं आणि उद्या न जायचं ठरवणं. तुमच्या जोडीत उलटं आहे. आशय एकच, लाच देणं, आणि वृत्ती दोन. त्या दोघींत वैर आहे हे तुम्ही नुसतं जाहीर केलंत. ‘आणि’, ‘किंवा’, ‘सगळे’ अशा प्रत्येक शब्दापायी नवी वृत्ती आणि नवं वैर जाहीर करत बसावं लागेल. जे समजावून सांगायचं होतं तेच गृहीत धरलं गेलं.

सह्यकडा
हं. हे मान्य. नकार इतका महाग पडेल असं वाटलं नव्हतं.

अनुस्वार
मार्क श्रोडरचं २००८ चं पुस्तक याच जागेवरून सुरू होतं ना?

ऋजुता
हो. त्याचं निदान असं की जागा कमी आहे, तर रचनेत एक जागा वाढवा. मुळात एकच सर्वसाधारण वृत्ती घ्यायची, तिला आपण ‘कौल’ म्हणू. ‘लाच देणं वाईट’ हे मत म्हणजे ‘लाच देण्याला दोष देणं’ याला कौल. आता नकाराला तीन जागा मिळतात. लाच देण्याला दोष देण्याला गणूचा कौल नाही. लाच देण्याला दोष न देण्याला गणूचा कौल आहे. लाच न देण्याला दोष देण्याला गणूचा कौल आहे. मधली जागा भरली. आणि विसंगतीही फुकट मिळाली: दोष देणं आणि न देणं, दोन्हींना कौल म्हणजे जायचं आणि न जायचं, दोन्ही ठरवण्यासारखं. वृत्ती एक, आशय परस्परविरोधी.

गीचचं अनुमानही सुटतं. ‘जर-तर’ म्हणजे या गोष्टीला कौल: मांजराच्या छळाला दोष न देणं, किंवा भावाला लावण्याला दोष देणं. दुसरं आधारविधान म्हणजे छळाला दोष देण्याला कौल. निष्कर्ष नाकारणं म्हणजे भावाला लावण्याला दोष न देण्याला कौल. हे तिन्ही कौल एकदम अमलात आणताच येत नाहीत. या दोषाची जात बरोबर आहे.

अनुस्वार
मग प्रश्न सुटलाच की. तरी खुद्द श्रोडर शेवटी एक्स्प्रेसिव्हिझम बहुधा खोटा आहे असं का म्हणतो?

ऋजुता
बिल पुढे येतं. रोजची वाक्यं मिश्र असतात: ‘पैसे टेबलाखालून दिले असतील, तर ते वाईट झालं.’ अर्धं वर्णन, अर्धं नीती, आणि ‘जर’ एकच. ‘जर’ कौलांवर चालत असेल, तर वर्णनाच्या वाक्यांनाही कौलाच्या भाषेत आणावं लागतं. म्हणजे ‘पैसे टेबलाखालून दिले’ असं मत असणं म्हणजे ते खरं धरून वागण्याला कौल. नीतीच्या चार शब्दांसाठी अख्ख्या भाषेचा अर्थ बदलायचा.

आणि तिथे नकाराचं दुखणं परत येतं. ‘पैसे दिले नाहीत’ हे मत नियमाने काढलं, तर होतं ‘पैसे दिले हे खरं धरून न वागण्याला कौल’. पण ते फार कमजोर आहे. ज्याने दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवायचं ठरवलंय, तोही तसंच वागतो. आपल्याला हवं होतं ‘पैसे दिले नाहीत हे खरं धरून वागण्याला कौल’. मग श्रोडर प्रत्येक वाक्याला एकाऐवजी दोन आशय जोडतो, म्हणजे दोन्ही नकार हाताशी राहतात. यंत्र चालतं, पण काळ, शक्यता, ‘बहुतेक’सारखे शब्द आले की ते आणखी अडखळतं. विसंगतीचं खरं स्पष्टीकरण हवं असेल तर एक्स्प्रेसिव्हिस्टला इतकं मोजावं लागतं, हे त्याने दाखवलं. माझ्या मते या विषयातलं ते सगळ्यात प्रामाणिक काम आहे.

नीलपक्षी
इथे माझं दुमत आहे. गिबर्डची वाट याहून सुटसुटीत आहे, तिला इतक्या लवकर सोडू नये. तो जोड्या घेतो: एका बाजूला वस्तुस्थितीचं संपूर्ण चित्र, दुसऱ्या बाजूला एक संपूर्ण आराखडा, ज्यात प्रत्येक प्रसंगी काय करायचं, काय चालेल आणि काय टाळायचं हे ठरलेलं असतं. वाक्याचा अर्थ म्हणजे ज्या जोड्यांत ते बसतं त्यांचा संच. ‘लाच देणं वाईट’ हा एक संच, त्याचा नकार म्हणजे उरलेल्या सगळ्या जोड्या. ‘आणि’ म्हणजे दोन्ही संचांतल्या सामाईक जोड्या. मिश्र वाक्यं आपोआप बसतात, कारण प्रत्येक जोडीत वस्तुस्थितीही आहे आणि आराखडाही. काही जाहीर करावं लागत नाही, दोन आशयही लागत नाहीत.

ऋजुता
गणित सुरेख आहे, यात वाद नाही. पण संचाचा पूरक संच काढणं हे गणित झालं, त्या पूरक संचाशी जुळणारी मनोवृत्ती कुठली, हे स्पष्टीकरण झालं. ड्रायरने हेच बोट ठेवलं. एका माणसाचं लाचेबद्दल अजून काही ठरलेलं नाही. दुसऱ्याने ठरवलंय की दिली काय, न दिली काय, दोन्ही चालेल. आराखड्यांच्या भाषेत हा फरक करायला ‘नाकारणं’ आणि ‘अजून न नाकारणं’ वेगळे मानावे लागतात, आणि नाकारणं हे त्या योजनेशी असहमत असणं आहे हे आधीच हातात धरावं लागतं. म्हणजे अन्विनच्या पेचातला मधला नकार मागच्या दाराने आत आला.

नीलपक्षी
आत आला हे मान्य, पण चोरून नाही. गिबर्ड २००३ मध्ये उघडच म्हणतो की असहमती ही पायाभूत गोष्ट म्हणून घेऊ. आणि मला विचाराल तर समोरच्यालाही ती घ्यावीच लागते. ‘पाऊस पडतोय’ आणि ‘पडत नाहीये’ ही दोन मतं एका डोक्यात का राहू नयेत? आशय परस्परविरोधी आहेत म्हणून, असं तुम्ही म्हणता. पण दोन परस्परविरोधी आशयांची कल्पना करायला काहीच हरकत नसते. मग मत बाळगण्यातच ती हरकत का, याचं उत्तर शेवटी मत या वृत्तीच्या स्वभावात आहे, आणि तो तुम्ही गृहीतच धरता.

ऋजुता
हा मुद्दा मी हलका मानत नाही. माझं उत्तर एवढंच: मताच्या बाबतीत ते एकदा गृहीत धरलं की सगळ्या आशयांना पुरतं, नकार-जोडणी-‘सगळे’ यांसकट. तुमच्या असहमतीचं तसं आहे का? एकदा धरली की ‘वाईट’, ‘वाईट नाही’, ‘चालेल’, ‘करायलाच हवं’ या सगळ्यांना तीच पुरते, की प्रत्येकासाठी वेगळी धरावी लागते? तेवढं दाखवलंत तर मी मागे येईन.

नीलपक्षी
आराखडा संपूर्ण घेतला तर एकच पुरते असं मला वाटतं, कारण ‘चालेल’ हेही आराखड्यात आधीच ठरलेलं असतं. अर्धवट आराखड्याच्या माणसाबद्दल मात्र मला अजून नीट बांधता आलेलं नाही, आणि खरी माणसं सगळी अर्धवट आराखड्याचीच असतात.

भाऊसाहेब
माझी एक शंका. ‘गणूच्या मते लाच देणं वाईट आहे’ हे वाक्य बोलणारा स्वतः तर काहीच नापसंत करत नाही, तो गणूचं मन सांगतोय. मग हेही गीचच्याच खात्यात जातं का?

ऋजुता
जातं, भाऊसाहेब. आणि ही जागा एक्स्प्रेसिव्हिस्टला त्यातल्या त्यात सोपी आहे, कारण तो सुरुवातच तिथून करतो: कुठल्या मताला कुठली मनोवृत्ती. अवघड होतं ते ‘गणूच्या मते लाच देणं वाईट आहे, आणि त्याचं बरोबर आहे’ असं म्हटलं की. त्या ‘बरोबर’ला सत्याचा कुठला अर्थ द्यायचा, त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.